टायरच्या हवेचा दिवा लागला आहे: थंडी, पंक्चर की टायर रोटेशन? थेट रीसेट करावे का?

कावेरी (नेपरव्हिल, इलिनॉय)
मंडळी, एक सल्ला हवा आहे. आमची होंडाची सहा वर्षे जुनी एसयूव्ही आहे. गेल्या आठवड्यात एका टायरच्या दुकानात टायर रोटेशन करून घेतले, म्हणजे पुढची चाके मागे आणि मागची पुढे. त्याच वेळी त्यांनी चारही टायरमध्ये हवा भरली आणि बिलावर ३३ पीएसआय असे लिहून दिले. ड्रायव्हरच्या दारावरच्या लेबलवरही चारही चाकांना ३३च आहे. त्यानंतर दोन दिवसांपूर्वी एकदम थंडी पडली. आज सकाळी बाहेर उणे ६ अंश सेल्सिअस होते आणि गाडी सुरू करून थोडे अंतर गेल्यावर तो उद्गारचिन्हाचा पिवळा दिवा लागला. तो स्थिर आहे, लुकलुकत नाही. कोणत्या चाकात किती हवा आहे हे आमच्या स्क्रीनवर दिसत नाही.

सेटिंगमध्ये टायरच्या दाबावर लक्ष ठेवणारी यंत्रणा रीसेट करण्याचा `TPMS Calibration` असा पर्याय आहे. घरच्यांचे मत असे की तो दाबला की दिवा जातो, मग उगाच वेळ कशाला घालवायचा. शेजारच्या आजोबांचे म्हणणे की पहिल्या थंडीत गल्लीतल्या निम्म्या गाड्यांचा दिवा लागतोच. मला शंका दुकानवाल्यांची आहे, कारण दिवा त्यांच्याकडून आल्यावरच लागला. या तिघांपैकी कोणाचे खरे मानावे?

टवाळ_बाळू
घरातल्या माणसाचे आणि दुकानदाराचे भांडण असेल, तर शेजारच्या आजोबांचे खरे मानावे. घरात शांतता राहते.

अनिकेत ज. (टोरांटो)
आजोबांचेच बरोबर आहे. तापमान साधारण साडेपाच अंश सेल्सिअसने उतरले की टायरमधली हवा एक पीएसआयने कमी होते. आमच्याकडे दर नोव्हेंबरला हा प्रकार होतो. सकाळी दिवा लागतो आणि दुपारपर्यंत, विशेषतः हायवेवर गाडी थोडी पळवली की, टायर गरम होऊन आपोआप विझतो. मी तर त्याच्याकडे लक्षही देत नाही. रीसेट करून टाका आणि निश्चिंत राहा.

गॅरेजकर (मूळचा नाशिकचा, सध्या ओहायो)
कावेरीताई, कृपा करून अजून तो पर्याय दाबू नका. अनिकेत यांनी दिलेला आकडा बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. मी गेली बरीच वर्षे गॅरेजमध्येच काम करतो आणि हिवाळ्याच्या तोंडावर हीच तक्रार घेऊन येणाऱ्या गाड्यांची रांग लागते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

हा दिवा दोन वेगळ्या पद्धतींनी चालतो आणि रीसेटचा अर्थ दोन्हींत वेगळा आहे. एका पद्धतीत प्रत्येक चाकाच्या आत, वॉल्व्हला जोडलेला एक छोटा सेन्सर असतो. तो हवेचा दाब प्रत्यक्ष मोजतो आणि रेडिओने गाडीला कळवतो. ज्या गाड्यांच्या स्क्रीनवर चारही चाकांचे आकडे दिसतात, त्या या प्रकारच्या. दुसऱ्या पद्धतीत चाकात काहीच नसते. एबीएससाठी चाकांचा वेग मोजणारे जे सेन्सर असतात, त्यांच्यावरूनच गाडी अंदाज बांधते. हवा कमी झाली की टायर किंचित दबतो, त्याची त्रिज्या घटते, आणि तेच अंतर कापायला ते चाक बाकीच्यांपेक्षा थोडे जास्त फिरते. तुमची होंडा या दुसऱ्या प्रकारची आहे, म्हणूनच तिला आकडे दाखवता येत नाहीत.

आता मुख्य मुद्दा. तुमच्या गाडीला ३३ हा आकडा माहीत नाही. `TPMS Calibration` दाबल्यावर ती एवढेच समजते की आत्ता टायरमध्ये जेवढी हवा आहे तेवढी योग्य आहे, आणि पुढची सगळी तुलना त्याच्याशी करते. एखाद्या चाकात २२ पीएसआय असताना तुम्ही ते दाबले, तर २२ हेच प्रमाण ठरते. दिवा विझेल, पण त्या चाकातून आणखी बरीच हवा जाईपर्यंत गाडी तुम्हाला काही सांगणार नाही.

तेव्हा आधी एक साधे गेज घ्या. उद्या सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर आणि सुरू करण्यापूर्वी, चारही चाकांची हवा मोजून इथे लिहा. गाडी किमान तीन तास उभी असली पाहिजे, नाहीतर टायर गरम असतो आणि आकडा फसवा येतो. पंपावर जाऊन मोजणे म्हणूनच तितकेसे उपयोगाचे नाही.

सदाशिवराव (पुणे)
माझ्या गाडीत कंपनीची ही सोय नव्हती, म्हणून मी वॉल्व्हच्या टोपणाच्या जागी बसणारे चार सेन्सर आणि डॅशबोर्डवर ठेवायचा छोटा सौरऊर्जेचा डिस्प्ले बसवून घेतला आहे. चारही चाकांचा दाब आणि तापमान दिसते. आपणही तेच का बसवत नाही? रीसेटची भानगडच उरत नाही.

कावेरी
सदाशिवराव, सूचनेबद्दल आभार, पण गाडीत मुळात ही सोय आहे. प्रश्न ती काय सांगते आहे हे समजून घेण्याचा आहे.

गॅरेजकर, गेज आणले आणि आज सकाळी सहा वाजता, गाडी अंगणातच उभी असताना मोजले. बाहेर कालच्याएवढीच थंडी होती. पुढचे डावे २७.५, पुढचे उजवे २७, मागचे उजवे २७.५ आणि मागचे डावे २२. दुकानवाल्यांनी ३३ लिहिले आहे, मग एकही चाक ३३ च्या जवळपास का नाही? त्यांनी हवा भरलीच नाही का?

गॅरेजकर
दुकानवाल्यांवर इतक्यात राग धरू नका, हे आकडे बरेच काही सांगून जातात.

तुम्ही गाडी चालवत तिथे गेलात, म्हणजे टायर आधीच गरम होते. वर दुकानाच्या आतले वातावरणही उबदार असणार. टायरमधली हवा त्या वेळी साधारण ३० अंशांवर होती असे धरू. गेज दाखवते तो दाब बाहेरच्या वातावरणाच्या दाबाच्या वरचा असतो, म्हणून हिशेब करताना ३३ मध्ये आधी वातावरणाचे १४.७ मिळवायचे. झाले ४७.७. तापमान केल्विनमध्ये घ्यायचे, म्हणजे ३० अंशांचे ३०३ आणि उणे ६ चे २६७. आता ४७.७ ला २६७ ने गुणून ३०३ ने भागले की ४२ येतात आणि त्यातून १४.७ वजा केले की उरतात २७.३.

तुमची तीन चाके नेमकी तिथेच आहेत. म्हणजे त्यांतून हवा गेलेली नाही, ती फक्त थंड झाली आहे. ३० अंश हा माझा अंदाज आहे, तो दोन-चार अंशांनी चुकला तरी उत्तर अर्ध्या-पाऊण पीएसआयनेच हलेल. मागच्या डाव्या चाकाला मात्र थंडीचे कारण पुरत नाही, कारण थंडी चारही चाकांना सारखीच लागते. त्या चाकातून आठवड्याभरात पाच पीएसआयहून जास्त हवा निघून गेली आहे. निरोगी टायरमधून महिन्याला साधारण एक पीएसआय जाते, आठवड्यात पाच जात नाही. तिथे गळती आहे.

दिवा का लागला तेही यातून कळते. २००० साली टायरच्या सुरक्षेसाठी झालेल्या TREAD कायद्यानंतर अमेरिकेत जो नियम झाला, त्यानुसार लेबलवरच्या दाबापेक्षा २५ टक्क्यांनी हवा कमी झाली की दिवा लागलाच पाहिजे. ३३ चे २५ टक्के कमी म्हणजे पावणेपंचवीस. तुमची तीन चाके २७ च्या आसपास असल्याने त्या रेषेच्या वर आहेत आणि चौथे बरेच खाली आहे. नियम किमान मर्यादेचा आहे, काही गाड्या त्याआधीही दिवा लावतात.

आता पाण्यात भांडी घासायचे लिक्विड मिसळून त्या टायरवर, वॉल्व्हच्या तोंडावर आणि रिमच्या कडेला लावा आणि बुडबुडे कुठे येतात ते पाहा. खिळा किंवा स्क्रू दिसला तर तो उपटू नका. तो तिथे आहे तोवर हवा हळूहळू जाते, उपटला तर दुकानापर्यंत पोहोचणेही अवघड होईल.

शंकासुर
गॅरेजकर, एक शंका आहे. ही पद्धत जर चाकांची एकमेकांशी तुलना करत असेल, तर थंडीने चारही चाकांची हवा सारखीच कमी झाल्यावर तिला काही कळायलाच नको. मग होंडावाल्यांचे दिवे थंडीत कसे लागतात?

गॅरेजकर
शंका अगदी रास्त आहे. फक्त वेगाची तुलना करणाऱ्या सुरुवातीच्या गाड्यांत हा दोष होताच. पण अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे एका चाकाची हवा कमी झाली काय आणि चारही चाकांची झाली काय, दिवा लागायला हवा. म्हणून हल्लीच्या गाड्या वेगाबरोबर चाकाच्या कंपनांचाही अभ्यास करतात, कारण हवा कमी-जास्त झाली की टायरच्या कंपनांची लय बदलते. तरीही चारही चाके सारखी उतरली असतील तेव्हा एकट्या चाकाइतकी ही पद्धत तल्लख नसते, असा माझा अनुभव आहे.

प्रफुल्ल_नागपूर
नायट्रोजन भरा, हा सगळा त्रास संपेल. नायट्रोजनवर तापमानाचा परिणाम होत नाही. आमच्या पंपावर हिरवी टोपणे लावून देतात.

शंकासुर
साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, प्रफुल्लजी. वर गॅरेजकरांनी केलेला हिशेब नायट्रोजनलाही जसाच्या तसा लागू होतो. हिरव्या टोपणांचे तापमानही थंडीत उतरतेच.

प्रफुल्ल_नागपूर
पण नायट्रोजन कोरडा असतो आणि टायरमधून हळू निघतो, हे तरी मान्य कराल की नाही?

गॅरेजकर
तेवढे मान्य. कंप्रेसरच्या हवेत पाण्याचा अंश असेल तर गरम झाल्यावर दाब थोडा जास्त चढतो, आणि नायट्रोजन रबरातून किंचित हळू झिरपतो. मात्र उणे ६ अंशांत त्याचेही ३३ चे २७ होणार आणि स्क्रूने पडलेल्या भोकातून तोही बाहेर पडणार.

मैत्रेयी (पुणे)
या निमित्ताने आमच्याकडची गंमत सांगते. आमची गाडी फोक्सवॅगन गटाची आहे आणि तीही अशीच अंदाज बांधणारी, म्हणजे हवा भरल्यावर मेनूत जाऊन नवा दाब साठवावा लागतो. गेल्या महिन्यात पंक्चर झाले. पंक्चरवाल्या दादांनी तिथेच स्ट्रिप मारली, सवयीने ‘पस्तीस टाकतो’ म्हणाले आणि फक्त त्याच चाकात ३५ भरली. बाकीच्या तिघांत २९-३० होती. मी घरी येऊन दाब साठवला आणि गाडीने ती विषम हवाच योग्य म्हणून मान्य केली. नंतर सर्व्हिस सेंटरमध्ये चारही चाके सारखी केली, तर दुसऱ्या दिवशी दिवा लागला! हवा बरोबर केल्यावर दिवा लागतो हे पाहून मी चक्रावलेच होते, आता गॅरेजकरांचे वाचून उलगडा झाला. पंक्चर काढल्यावर चारही चाके मोजायची आणि मगच साठवायचे, हे आता पक्के ठरवले आहे.

दूरदेशी (म्युनिक)
आमच्याकडे प्रश्न निराळा आहे. युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत ही यंत्रणा सक्तीची आहे आणि हिवाळ्यात रिमसकट दुसरी चाके लावायची इथे पद्धत आहे. मी हिवाळ्याची चाके एकाकडून जुनी घेतली. आमची गाडी सेन्सरवाली, पण त्या चाकांत सेन्सरच नव्हते. गाडी सुरू केली की दिवा सुमारे मिनिटभर लुकलुकतो आणि मग स्थिर होतो. मेनूतून कितीही वेळा रीसेट केले तरी जात नाही.

गॅरेजकर
जाणारच नाही. कावेरीताईंचा दिवा पहिल्यापासून स्थिर होता, याचा अर्थ हवा कमी आहे. तुमच्याप्रमाणे आधी मिनिट-दीड मिनिट लुकलुकून मग स्थिर राहणारा दिवा सांगतो की यंत्रणाच काम करत नाही, म्हणजे एखाद्या सेन्सरचा आवाज गाडीला ऐकू येत नाही. त्या चाकांत सेन्सर बसवून त्यांचे क्रमांक गाडीला ओळखून द्यावे लागतील. भारतात स्टेपनी लावल्यावर पुष्कळदा हेच दिसते, कारण स्टेपनीत बहुधा सेन्सर नसतो. तोवर गेजने हवा मोजत राहा, दिव्यावर विसंबू नका.

अनिकेत ज.
मला एक विचारायचे आहे. माझी गाडी आकडे दाखवणारी आहे. हवा भरून झाल्यावरही दिवा बराच वेळ तसाच राहतो. तेव्हा मी रीसेट नको तर काय करू?

गॅरेजकर
काहीही करू नका, फक्त गाडी चालवा. उभ्या गाडीतले सेन्सर बॅटरी वाचवण्यासाठी जवळजवळ झोपलेले असतात आणि चाके फिरू लागली की जागे होऊन कळवू लागतात. ताशी ४० किलोमीटरच्या वर काही मिनिटे चाललात की बहुतेक गाड्यांत नवा आकडा येतो. सेन्सरच्या आतली ही बॅटरी बदलता येत नाही. पाच ते दहा वर्षांत ती संपली की अख्खा सेन्सरच बदलावा लागतो.

आणि दुपारी आपोआप विझणाऱ्या दिव्याबद्दल. टायर गरम झाल्याने दाब वाढून मर्यादेच्या जरा वर गेला, एवढाच त्याचा अर्थ आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा खालीच असतो. लेबलवरचा दाब थंड टायरचा असतो, तेव्हा थंड सकाळीच तो पुरा करायला हवा.

रोहिणी_डॅलस
रोटेशनचा मुद्दा मागेच राहिला. आमच्या शेव्हरोलेत आकडे दिसतात, पण रोटेशननंतर पुढच्या डाव्या चाकाचा आकडा मागच्या डाव्याच्या जागी दिसू लागला. दुकानात त्यांनी हातातले एक छोटे यंत्र प्रत्येक वॉल्व्हजवळ धरून, पुढचे डावे, पुढचे उजवे, मागचे उजवे, मागचे डावे अशा क्रमाने गाडीला पुन्हा ओळख करून दिली. प्रत्येक चाकाला हॉर्न वाजत होता. कावेरीकडे तसे करायला हवे होते का?

गॅरेजकर
तुमच्या गाडीला ते लागतेच, कारण कोणता सेन्सर कुठे आहे हे तिला सांगावे लागते. कावेरीताईंच्या चाकांत सेन्सर नाहीत, त्यामुळे ओळख करून द्यायचा प्रश्न नाही. पण रोटेशननंतर कॅलिब्रेशन करायला हवे होते आणि तेवढी दुकानाची चूक मानायला हरकत नाही. पुढची आणि मागची चाके सारखी झिजत नाहीत, जागा बदलली की गाडीने लक्षात ठेवलेले प्रमाण चुकते. ज्या गाड्यांच्या लेबलवर पुढे आणि मागे वेगवेगळा दाब दिला आहे, त्यांत रोटेशननंतर हवाही बदलावी लागते, हे बरेच जण विसरतात.

कावेरी
सर्वांचे आभार. साबणाच्या पाण्याने काम झाले. मागच्या डाव्या टायरच्या मधल्या पट्ट्यात, दोन खाचांच्या मध्ये, एका स्क्रूचे घासून चकचकीत झालेले डोके दिसले आणि त्याच्या कडेने बारीक फेस येत होता. उपटला नाही. हातपंपाने हवा भरून जवळच्याच दुसऱ्या दुकानात गेले. त्यांनी टायर रिमवरून काढून आतून पॅच लावला. भोक मधल्या पट्ट्यात होते म्हणून दुरुस्त होऊ शकले, कडेच्या भिंतीत असते तर नवा टायर घ्यावा लागला असता, असे ते म्हणाले.

आज सकाळी थंड टायरमध्ये चारही चाकांत ३३ भरली आणि त्यानंतर `TPMS Calibration` सुरू केले. दिवा गेला आहे. आता काही करायचे राहिले आहे का?

गॅरेजकर
फक्त गाडी चालवायची. होंडाच्या पुस्तिकेप्रमाणे कॅलिब्रेशन पुरे व्हायला ताशी ४८ ते १०५ किलोमीटरच्या वेगात एकूण सुमारे ३० मिनिटे लागतात. ती सलग असण्याची गरज नाही. तोवर गाडी शिकत असते, त्यामुळे त्या अर्ध्या तासात दिवा बंद आहे म्हणून सगळे ठीक आहे असे समजू नका. पुढच्या आठवड्यात तेच चाक एकदा गेजने पाहून घ्या.

अनिकेत ज.
हिवाळाभर ३५ भरून ठेवली तर? आणखी थंडी पडली की परत ३३ वर येईल आणि दिवा लागणार नाही.

शंकासुर
मध्येच चार दिवस ऊन पडले तर ३५ चे ३७ होतील. मी लेबलवरचाच आकडा ठेवतो आणि महिन्यातून एकदा मोजतो.

गॅरेजकर
दोन पीएसआयने जास्त ठेवणारे माझे सहकारीही आहेत आणि त्याला आक्षेप घेणारेही आहेत. टायरच्या कडेच्या भिंतीवर लिहिलेल्या कमाल दाबाच्या पुष्कळ खाली असल्याने टायरला धोका नाही. बर्फावर पकड थोडी कमी होते असे मला वाटते, म्हणून मी स्वतः जास्त भरत नाही. यावर आमच्या गॅरेजमध्येही एकमत नाही.

दूरदेशी
सेन्सरची चौकशी केली. इथला माणूस म्हणतो की उन्हाळ्याच्या चाकांतले सेन्सर काढून या हिवाळ्याच्या चाकांत बसवू. तसे करावे का?

गॅरेजकर
ते किती वर्षांचे आहेत हे आधी सांगा.